लहान विक्रेत्यांनो, कुरिअरचे अनुभव सांगा: वजन, दर, विमा, ट्रॅकिंग

वाळवणवाली
भाचीला क्रोशाच्या बाहुल्या ऑनलाइन विकायच्यात. काल विचारत होती, "मावशी, सगळ्यात स्वस्त कुरिअर कुठलं गं?" आणि मोबाईलवर दरांची यादीच पुढे धरली. अर्धा किलोला 48 रुपये. ते बघून मला आमचा कुरडयांचा पहिला सीझन आठवला.

कुरडई वजनाला काहीच नसते, पण जागा किती खाते ते ज्याच्या घरी वाळवण होतं त्यालाच माहीत. आमचं पार्सल काट्यावर 900 ग्रॅम भरायचं. खोका 30 बाय 25 बाय 20 सेंटीमीटरचा. तिन्ही मापांचा गुणाकार 15000, त्याला 5000 ने भागलं की 3 किलो. खरं वजन आणि हे घनफळाचं वजन यांत जे जास्त त्याचेच पैसे लागतात. पहिल्या अर्ध्या किलोला 48 आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 40, म्हणजे 248, वर 18 टक्के जीएसटी. एका पार्सलला 293 रुपये गेले. आम्ही एक किलोचा हिशोब धरून 104 च्या आसपास समजत होतो. कुरडया विकून वर आपलेच पैसे घालायची वेळ.

मग नवऱ्याने खोकाच बदलला. कुरडया लहान घालायला लागलो, सोऱ्यातून एकाच मापाच्या, आणि खोक्यात ओतण्याऐवजी एकावर एक चळत लावून. 25 बाय 20 बाय 14 मध्ये तेवढ्याच बसल्या. 7000 भागिले 5000 म्हणजे 1.4, तो दीड किलोत गेला. 128 अधिक जीएसटी, 151 रुपये. कुरिअर तेच, दर तेच.

तुमचेही अनुभव लिहा. दर, वजनाची भांडणं, विमा, ट्रॅकिंग, काहीही चालेल. भाचीला हा धागाच पाठवणार आहे.

सांगलीकर
आधी सांगा कुरडई कुठे मिळेल 😄

पूर्वी_हबमध्ये
ताई, हिशोब बरोबर आहे. एक भर घालतो. मी काही वर्षं एका कुरिअरच्या हबमध्ये काम केलंय. तिथे खोका पट्ट्यावरून जातो आणि वरचं मशीन त्याची मापं घेतं. मशीनला तुमच्या खोक्यावर छापलेलं माप माहीत नसतं. त्याला खोका जिथे जास्तीत जास्त बाहेर आलाय ते दिसतं. आत ठासून भरलं की बाजू फुगतात. तुमचाच 25-20-14 चा खोका दोन-दोन सेंटीमीटर फुगला तर 27-22-16, म्हणजे 9504. भागिले 5000 केलं की 1.9, गेला दोन किलोत. दीडचे दोन झाले ते फक्त फुगण्यामुळे. टेपचे लोंबते तुकडे, वरून बांधलेली सुतळी, सगळं मापात येतं.

दुसरं, 5000 हा आकडा सगळीकडे नसतो. काही रस्तामार्गाच्या सेवा 4000 ने भागतात. तोच 7000 चा खोका मग 1.75 होतो, म्हणजे दोन किलो. दरपत्रकात प्रति किलो स्वस्त दिसणारी सेवा इथे महाग पडते. म्हणून दर विचारायच्या आधी "कितीने भागता?" हे विचारायचं.

आज्जी_62
नातू आयर्लंडला आहे. त्याला चकल्या, लाडू पाठवायचे आहेत. मागे एकाने खूप पैसे सांगितले. कुणाचा अनुभव आहे का

कोकमवाली
आज्जी, परदेशात पण हाच प्रकार, घनफळच मोजतात. लाडू पाठवा, चकल्या नको. लाडू जड असतात, जागा कमी खातात. चकल्यांचा नुसता डबा मोठा होतो आणि पोहोचेपर्यंत चुरा. आणि तिकडच्या कस्टमचे नियम आधी विचारून घ्या, तूप-दुधाच्या पदार्थांवर बंधनं असतात.

आज्जी_62
बेसनाचे की रव्याचे?

मातीकाम_स्टुडिओ
बाकी सगळे कुरिअर सोडा आणि पोस्टाने पाठवा. स्पीड पोस्ट घनफळ बघतच नाही, काट्यावर जे भरेल तेच. गावोगावी जातं. मी सगळे मग आणि कुंड्या पोस्टानेच पाठवते.

कोकमवाली
गावोगावी जातं हे शंभर टक्के खरं. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या पिनकोडला खाजगीवाले एकतर येत नाहीत किंवा लांबच्या गावाचा वेगळा आकार लावतात. पण घनफळ बघतच नाहीत असं नाही हो. आमच्या पोस्टात बाईंनी मोठ्या खोक्याला टेप लावून मोजलं आणि पावतीवर जास्त वजन आलं. लहान पाकिटाला कोणी बघत नाही. तुमचे मग छोट्या खोक्यात जात असतील.

मातीकाम_स्टुडिओ
माझे मग जडच असतात म्हणून माझ्या लक्षात आलं नसेल. आमच्या काउंटरवर तरी कधी टेप बघितली नाही.

पूर्वी_हबमध्ये
जड वस्तूला फरक पडत नाही, खरं वजनच जास्त भरतं. हे दुखणं बाहुल्या, कुरडया, आकाशकंदील, लॅम्पशेड यांचं.

सांगलीकर
आकाशकंदील!! बायको दरवर्षी करते. घडीचा करायला लागलो तेव्हा कुठे जमलं. आता सपाट जातो, सोबत जोडायची चित्रं. लोक फोन करतात की जमत नाही, मग व्हिडिओ कॉलवर मीच जोडून दाखवतो. दिवाळीत माझं तेच काम.

पैठणी_येवला
माझा अनुभव वजनाचाच, पण उलट्या बाजूने. साडीचं पाकीट, फॉलसकट 700 ग्रॅम. ग्राहक म्हणाली, पाकीट आलं, आत जुने कपडे. कुरिअर म्हणे आम्ही बंद पाकीट दिलं, आमचा काय संबंध. नशिबाने तिने पाकीट न फेकता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून फोटो काढला. 390 ग्रॅम. माझ्या खात्यावर त्याच पार्सलच्या एडब्ल्यूबी म्हणजे ट्रॅकिंग नंबरापुढे हबने नोंदलेलं वजन होतं 700. म्हणजे तिथपर्यंत साडी आत होती आणि पुढे गायब झाली. एरवी ज्या हबच्या वजनावरून आम्ही भांडतो, तेच वजन पुरावा म्हणून उभं राहिलं. दावा मंजूर झाला, पण बिलाइतके पैसे मिळाले नाहीत, त्यांच्या मर्यादेइतकेच मिळाले.

भाची_बाहुल्या
मावशीने धागा पाठवला म्हणून आले 🙈 म्हणजे विमा घेतला नव्हता का तुम्ही?

पैठणी_येवला
तेव्हा नव्हता घेतला. बिलाची रक्कम किंवा त्यांची ठरलेली मर्यादा, जे कमी असेल ते, एवढीच जबाबदारी बहुतेक ठिकाणी असते. सात हजारांच्या साडीला ती मर्यादा पुरत नाही. आता दोन हजारांच्या वरच्या प्रत्येक पार्सलला वेगळा विमा. तुमच्या बाहुलीची किंमत काय?

भाची_बाहुल्या
350 पासून 900 पर्यंत

पैठणी_येवला
मग विम्याच्या भानगडीत पडू नका. तेवढी मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. अटी वाचा मात्र.

मातीकाम_स्टुडिओ
अटींवरून आठवलं. फुटक्या वस्तूचा दावा म्हणजे डोक्याला ताप. विमा घेतलेला, हप्ता कापलेला, आणि उत्तर आलं की पॅकिंग अपुरं होतं. काच, चिनीमाती, द्रवपदार्थ हे बऱ्याच योजनांत वगळलेलेच असतात, आणि ते विमा घेताना ठळक लिहिलेलं नसतं. हरवलं तर पैसे मिळतात, फुटलं तर नाही. आता मी फुटण्याचा खर्च किमतीतच धरते आणि खोक्यात खोका घालते. त्याने घनफळ वाढतं, पण मातीचे मग जड असल्यामुळे चालून जातं.

कोकमवाली
आगळाच्या बाटल्यांचं तेच. द्रव म्हणून विमानाने घेत नाहीत, रस्त्याने जातं आणि मे महिन्यात झाकण उडतं. एकदा ग्राहकाने फोटो पाठवला, पूर्ण खोका गुलाबी. पुस्तक होतं त्याच गोणीत कुणाचं तरी, तेही गुलाबी झालं म्हणे.

सांगलीकर
ते पुस्तकवाले इथे नसोत 😂

पूर्वी_हबमध्ये
पोस्टाबद्दल एक लक्षात ठेवा. स्पीड पोस्टने गेलेलं हरवलं तर भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांत जे कमी ते. म्हणजे 80 रुपये शुल्क असेल तर 160. किमती वस्तू असेल तर खिडकीवर विमा वेगळा मागायचा.

वाळवणवाली
हे बरं झालं सांगितलंत. आणि वजनाची तक्रार कशी करता सगळे? आम्हाला महिनाअखेरीस एकदम ॲपच्या वॉलेटमधून पैसे कापलेले दिसायचे, तोवर मुदत गेलेली.

पूर्वी_हबमध्ये
रोज सकाळी वजन-फरकाचं पान उघडायचं, दुसरा उपाय नाही. मुदत बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या आसपास असते. फोटो पाठवण्यापूर्वीच काढून ठेवायचे. लेबल दिसेल असा एक काट्यावरचा, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावलेला प्रत्येकी एक. टेपचा शून्य खोक्याच्या कडेला लागलेला दिसला पाहिजे, नाहीतर लगेच नाकारतात. एकाच मापाचे खोके वापरत असाल तर वस्तूवार वजन-माप आधीच मंजूर करून घेता येतं काही ठिकाणी. बाहुल्यांना ते फार सोयीचं.

भाची_बाहुल्या
पण बाहुल्या पाकिटात पाठवल्या तर? खोकाच नको. मऊच आहेत.

पूर्वी_हबमध्ये
चालेल. पाकिटाचंही माप घेतलं जातं, फुगलेलं असेल तर चौकोनी खोका धरूनच. हवा काढून सपाट करा. बाहुलीचे हातपाय वाकणार नाहीत ना, तेवढं बघा.

सांगलीकर
ट्रॅकिंगवर कुणीच बोललं नाही. माझं मत, "मॅनिफेस्टेड" दिसलं म्हणजे पार्सल निघालं असं समजू नका. ते फक्त लेबल तयार झालंय एवढंच. आमचा पिकअपवाला गठ्ठा उचलून न्यायचा आणि स्कॅन दुसऱ्या दिवशी करायचा. मध्ये एक हरवलं, तर म्हणे तुम्ही दिलंच नाही. आता पिकअपच्या यादीवर त्याची सही आणि तारीख घेतल्याशिवाय गठ्ठा हलत नाही. तो वैतागतो. चहा पाजतो त्याला.

पैठणी_येवला
आणि ते रात्री नऊला येणारं "ग्राहक उपलब्ध नाही"? ग्राहक घरीच टीव्ही बघत बसलेली असते.

सांगलीकर
हो ना! ते दिसलं की मी त्याच रात्री ग्राहकाला मेसेज करतो, फोन आला होता का विचारतो, आणि सकाळी पहिलं काम म्हणजे पुन्हा डिलिव्हरीची विनंती टाकायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर माल परत निघतो, आणि परतीचं भाडं पण आपल्यालाच. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर विचारूच नका.

कोकमवाली
मी सीओडी बंदच केलं. विक्री कमी झाली पण झोप लागते.

पैठणी_येवला
आमच्याकडे बंद करून नाही चालत, लोक साडी बघितल्याशिवाय पैसे देत नाहीत. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

भाची_बाहुल्या
मग ॲपवाल्या एकत्रित सेवेवर खातं उघडू की इथल्या नाक्यावरच्या फ्रँचायझीवाल्या काकांकडे जाऊ? काका म्हणतात, महिन्याला 50 पार्सल दिलीस तर दर कमी करतो.

पूर्वी_हबमध्ये
काकांना दोन गोष्टी विचार. कितीने भागतात, आणि परत आलेल्या मालाचं भाडं किती.

वाळवणवाली
ॲपवर एकाच पार्सलला चार कुरिअर बघता येतात. काकांकडे अडचण आली तर समोर जाऊन भांडता येतं. मी दोन्ही ठेवलंय.

मातीकाम_स्टुडिओ
मी अजूनही पोस्टच म्हणेन.

आज्जी_62
बेसनाचे करते. तूप कमी घालून.