झोतभट्टीच्या लोखंडात सिलिकॉन कसा येतो?

> 'एलिंगहॅम आलेखात कार्बनची रेषा सिलिकाच्या रेषेखाली १६५० अंशांच्या आसपास जाते. भट्टीतून लोखंड तर १५०० अंशांना बाहेर पडतं. मग त्यात सिलिकॉन कसा?'

कोणतं मूलद्रव्य ऑक्सिजनला किती घट्ट धरतं, हे एलिंगहॅम आलेख तापमानानुसार दाखवतो; रेषा जितकी खाली, तितकी पकड घट्ट. त्यातली प्रत्येक रेषा शुद्ध पदार्थांसाठी आणि वायूचा दाब एक वातावरण धरून काढलेली असते, हे इथे फार महत्त्वाचं. १५०० अंशांना शुद्ध सिलिकॉन मिळवायचा तर दर मोलमागे सुमारे ६० किलोजूल कमी पडतात. पण भट्टीत सिलिकॉन शुद्ध राहतच नाही, तो वितळलेल्या लोखंडात विरघळतो. लोखंडाला त्याची ओढ इतकी, की त्या विरघळण्यातून ही तूट भरून निघते. शिवाय गरम हवा आत शिरते तिथे तापमान २००० अंशांच्या वर असतं. तिथे कोकच्या राखेतला सिलिका SiO वायू होऊन वर चढतो आणि खाली ठिबकणाऱ्या लोखंडाच्या थेंबांत शिरतो.

म्हणूनच भट्टीवरची माणसं दर ओतीचा सिलिकॉन बघतात: तो वाढू लागला तर तळ तापतोय, घसरला तर गार पडतोय. ॲल्युमिनाची रेषा मात्र फारच खाली आहे, त्यामुळे तो जवळजवळ सगळा मळीतच जातो.