चर्चा: लेझरची जुळणी टिकत नाही म्हणून प्रकल्पाची रचना सोपी करावी का?

प्रकल्पार्थी: माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी पुढील ईमेल लिहिले आहे. ते पाठवावे की नाही, यावर आमच्या गटात एकमत नाही. आपली मते हवी आहेत.

«आदरणीय मॅडम, अॅल्युमिनियमच्या १० सेंटीमीटर लांबीच्या सळईचा प्रसरण गुणांक मायकेल्सन इंटरफेरोमीटरने मोजताना आरशांची जुळणी वारंवार बिघडत आहे. खोलीच्या तापमानाला फ्रिंजा स्वच्छ दिसतात, परंतु सळई काही अंश तापली की त्या बारीक आणि दाट होत जातात व अखेर दिसेनाशा होतात. सळई थंड झाल्यावर त्या बऱ्याच अंशी परत येतात. म्हणून सळईच्या टोकाला आरशाऐवजी एका अरुंद फटीची सरकती कड जोडावी आणि फटीची रुंदी विवर्तनाच्या नक्षीवरून मोजावी, असे मला सुचवायचे आहे. लेझर, सळई आणि हीटर तेच राहतील. आपली अनुमती असावी, ही विनंती.»

कातळ: माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. जुळणी बिघडणे हा या उपकरणाचा स्वभावच आहे आणि ती टिकवायला शिकणे हाच अशा प्रकल्पाचा अर्धा भाग असतो. खुद्द मायकेल्सनला १८८१ मध्ये बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या रहदारीने रात्रीसुद्धा स्थिर फ्रिंजा मिळेनात, तेव्हा त्याने रचना सोडली नाही. उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवले. पुढे १८८७ मध्ये मॉर्लीबरोबर काम करताना त्याने सगळी मांडणी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर उभारली. आपण एका सत्रात हार मानून फट आणि पट्टी हाती घ्यावी, हे मला पटत नाही. शिवाय परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील की मूळ रचना का सोडली.

किरणवेध: कातळ यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, परंतु तो येथे लागू होत नाही. १८८७ च्या प्रयोगात अपेक्षित सरक सुमारे ०.४ फ्रिंज होती, म्हणून ती संवेदनशीलता सोडणे शक्यच नव्हते. येथे हिशेब करून पाहा. अॅल्युमिनियमचा गुणांक दर अंशाला सुमारे २३ × १०⁻⁶ धरला, तर ही सळई एका अंशाला २.३ मायक्रॉन वाढते. ६३२.८ नॅनोमीटरच्या लेझरसाठी आरसा अर्धी तरंगलांबी सरकला की एक फ्रिंज जाते, म्हणजे अंशाला सात फ्रिंजा आणि २० अंशांना सुमारे १४५. त्यांत एखादी मोजायची राहिली, तरी चूक एका टक्क्याच्या आत आहे.

आता तापमान पाहा. साधा तापमापी दोन्ही वाचनांत अर्धा-अर्धा अंश चुकला, तर २० अंशांच्या फरकात ती चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते. अंतिम उत्तराची अचूकता तापमापी ठरवत असेल, तर लांबी एका टक्क्याहून बारकाईने मोजण्यासाठी खर्च होणारी मेहनत उत्तरात उतरतच नाही. ईमेलमध्ये हा मुद्दा नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी असायला हवा. «जुळणी टिकत नाही» हे वाचून कोणतेही मार्गदर्शक «पुन्हा प्रयत्न करा» असेच म्हणतील.

भोसरीकर: आमच्या वर्कशॉपमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरची कटिंग यंत्रे आहेत आणि तेथेही आरसे हलतात. आम्ही आरशासमोर कागदी टेप लावून एक पल्स मारतो, मग हेड दूरच्या टोकाला नेऊन पुन्हा मारतो. दोन्ही डाग एकाच जागी पडले की जुळणी झाली. जवळचा डाग बरोबर आणि दूरचा चुकीचा असेल, तर आरशाचा कोन बिघडलेला असतो. आपणही असे करून पाहावे. रचना बदलायची गरज पडणार नाही.

आर्द्रा: मला वाटते, दोष गरम हवेचा आहे. हीटरवरची हवा हलते, तिचा अपवर्तनांक बदलतो आणि फ्रिंजा विस्कटतात. किरणाच्या मार्गावर पुठ्ठ्याची नळी घातली, तर प्रश्न सुटेल आणि मॅडमना त्रास द्यावा लागणार नाही.

किरणवेध: गरम हवेचा परिणाम असतो, हे खरे आहे; परंतु त्याची खूण वेगळी असते. हवेमुळे फ्रिंजा डोलतात, पुढे-मागे जातात. १० सेंटीमीटर मार्गावरची हवा पाच अंशांनी तापली, तर जाऊन-येऊन जेमतेम दीड फ्रिंजेचा फरक पडतो. येथे फ्रिंजा दाट होत आहेत, म्हणजे आरसा कलतो आहे. एक मिलिमीटर अंतराच्या फ्रिंजा दिसायला आरशाला ०.३ मिलिरेडियनचा कल पुरतो. सळईचा व्यास १० मिलिमीटर असेल आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा एका अंशाने गरम राहिली, तर ती बाजू २.३ मायक्रॉन जास्त लांबते आणि टोक ०.२३ मिलिरेडियनने कलते. भोसरीकरांची टेपची युक्ती मोठा कल पकडते, हा इतका बारीक कल नव्हे. प्रकल्पार्थी, हीटर कसा लावला आहे?

प्रकल्पार्थी: सळईच्या एका बाजूला चपटा हीटर बांधला आहे आणि तापमापी त्याच बाजूला आहे. सळई एका टोकाला क्लॅम्पमध्ये घट्ट धरली आहे.

कातळ: मग तर माझे म्हणणे अधिकच पक्के होते. कारण सापडले आहे, उपाय साधा आहे: सळईभोवती तार गुंडाळून सारखी उष्णता द्यावी. तेही पुरले नाही, तर दोन्ही बाहूंमध्ये आरशाऐवजी कोपरा-प्रिझम बसवावेत. ते थोडे कलले, तरी किरण आला त्या दिशेलाच परत जातो. विद्यार्थिनीने मॅडमना हे निदान कळवावे, रचना बदलण्याची परवानगी मागू नये.

किरणवेध: हीटरची सुधारणा दोन्ही रचनांत करावीच लागेल, त्यात वाद नाही. कोपरा-प्रिझम मात्र सळईच्या टोकावर अधिक वजन आणतात आणि महाविद्यालयात ते मिळतीलच असे नाही. फटीचा हिशेब मला अधिक समाधानकारक वाटतो. सुरुवातीची रुंदी ०.१ मिलिमीटर आणि पडदा दोन मीटरवर असेल, तर मधल्या तेजस्वी पट्ट्याची रुंदी सुमारे २५ मिलिमीटर येते. सळई ४६ मायक्रॉन वाढून फट तेवढीच उघडली, की तो पट्टा १७ मिलिमीटरवर येतो. फक्त हाच पट्टा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजला, तर लांबीतील चूक दहा टक्क्यांच्या घरात जाते, आणि तेवढ्यावर थांबले तर कातळ यांचा आक्षेप योग्य ठरेल. दोन्ही बाजूंच्या पाचव्या काळ्या रेषांमधील अंतर मोजले, तर तीच चूक दोन टक्क्यांपर्यंत उतरते. पाचवी रेषा स्पष्ट दिसायला खोली पुरेशी अंधारी हवी आणि फटीच्या कडा समांतर हव्यात. एक कड तिरकी झाली की नक्षी एका टोकाला रुंद दिसते आणि दोष लगेच ओळखता येतो.

आर्द्रा: क्लॅम्प आणि खालची पाटीसुद्धा तापत असेल ना? ती वाढली, तर स्थिर कडही सरकेल.

किरणवेध: बरोबर, आणि ही अडचण इंटरफेरोमीटरलाही तशीच आहे. क्लॅम्पखाली उष्णतारोधक तुकडा घालून ती कमी होईल, पण किती कमी होईल हे पाटीवर दुसरा तापमापी लावल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

कातळ: तरीही निदान एकदा समान हीटर लावून मूळ रचना तपासल्याशिवाय ईमेल पाठवू नये, या मतावर मी ठाम आहे. फ्रिंजा मोजण्याचा अनुभव फटीतून मिळत नाही.

प्रकल्पार्थी: मी ईमेल थांबवलेले नाही, पण मधला परिच्छेद बदलला आहे: «मॅडम, फ्रिंजा दाट होण्याचे कारण एका बाजूने दिलेली उष्णता असावे. तापमापीची चूक पाच टक्क्यांपर्यंत जात असल्याने लांबी दोन टक्क्यांत मोजणारी फट पुरेशी वाटते. हीटर सळईभोवती गुंडाळून दोन्ही रचनांची तुलना करावी की थेट फटीकडे वळावे, याबद्दल आपला निर्णय कळवावा.»