‘दार लागलं’, ‘दार मारलं’ की आणखी काही?

मुक्ता_भाषांतर
आमच्या कंपनीच्या ड्रायव्हरांसाठी एक पानाची सूचना मराठीत करते आहे. उभ्या गाडीचं दार कुणीतरी मागे न बघता उघडतं आणि मागून येणारा सायकलवाला किंवा दुचाकीवाला त्यावर आदळतो, या प्रकाराला इंग्रजीत ‘डोअरिंग’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? मी ‘दार लागणे’ लिहिलं होतं, तर साहेब म्हणाले, दार लागलं म्हणजे बंद झालं. खरंच आहे. दुसऱ्या एकाने ‘द्वाराघात’ सुचवला. तो छापला तर लोक पक्षाघाताची लक्षणं शोधतील.

बारामतीकर
आम्ही सरळ ‘दार मारलं’ म्हणतो. जसं ‘कट मारला’, तसं ‘गाडीवाल्यानं दार मारलं’. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

तिसरा_मजला
आमच्या सोसायटीत हा रोजचा त्रास आहे. शेजारची गाडी इतकी चिकटून लावतात की दार उघडलं की माझ्या गाडीला पोचा. रंगाचा खर्च कोण देणार? याला ‘पोचा पाडणे’ हा शब्द आहेच की.

मुक्ता_भाषांतर
@तिसरा_मजला, तो वेगळा विषय. इथे माणूस पडतो.
@बारामतीकर, आवडला. पण कट मुद्दाम मारतात. दार उघडणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, तो फक्त बघत नाही. ‘मारलं’ म्हटलं की ड्रायव्हर म्हणणार, मी कुठे मारलं?

क्लेमवाली_मावशी
शब्दाची इतकी चिंता करू नका, वाक्याची करा. अपघाताचे जबाब वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पडलेला माणूस स्वतःच लिहून देतो, ‘मी उभ्या कारच्या दरवाज्याला धडकून पडलो.’ यात धडकणारा तो, गाडी बिचारी उभी. दुसरा नेहमीचा प्रकार, ‘अचानक दरवाजा उघडल्याने अपघात झाला.’ कुणी उघडला? मराठीत ‘दार उघडलं’ हे दार आपोआप उघडलं तरी चालतं आणि त्याने उघडलं तरी चालतं. माणूस त्या फटीतून निसटतो.

एक नमुना देते. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी, स्कूटर तिच्या उजव्या अंगाने तीसच्या वेगाने चालली आहे. असं लिहावं: ‘मी कारच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला असताना चालकाने उजवे पुढचे दार उघडले. दाराची कड माझ्या हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल डावीकडे वळले आणि मी उजवीकडे रस्त्यात पडलो.’ आता सगळं दिसतं. तीसच्या वेगाने सेकंदाला आठ मीटरच्या वर अंतर जातं. मागच्या चाकापासून दाराच्या कडेपर्यंत फार तर दोन मीटर, म्हणजे पाव सेकंद. ब्रेकवर बोटं जायलाच साधारण एक सेकंद लागतो.

उजवीकडे पडणं हे यातलं सर्वांत वाईट. दाराने लागतं ते एकदा, पण माणूस पडतो तो मागून येणाऱ्या बसच्या बाजूला.

आणि खुणा बघाव्या. दाराच्या कडेवर किंवा आतल्या अंगावर घाव आणि बिजागरी पुढच्या बाजूला ताणलेली असेल, तर दार तेव्हा उघडं होतं. बाहेरच्या पत्र्यावर लांब ओरखडा असेल तर दुचाकी बंद गाडीला घासून गेली. गॅरेजला जायच्या आधी फोटो काढा.

स्पष्टवक्ता
पण मुळात गाडी उभी, इंजिन बंद. मग हा मोटार अपघात होतच नाही. विमाही लागू नाही. शिवाय गाड्यांपासून अंतर ठेवून चालवणं हे मागच्याचं काम आहे.

क्लेमवाली_मावशी
अर्धं बरोबर. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन ‘चालवण्याबद्दल’ आहे. मागच्या सीटवरच्या प्रवाशाने दार उघडलं तर तो गाडी चालवत नव्हता, हा बचाव तिथे होऊ शकतो. पण कलम १२५ हयगयीच्या कोणत्याही कृत्याबद्दल आहे. त्याला स्टिअरिंग हातात असावं लागत नाही.

भरपाईचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्यातले शब्द आहेत, वाहनाच्या ‘वापरातून उद्भवलेला’ अपघात. चालवण्यातून नव्हे. आपल्याच महाराष्ट्रातलं एक प्रकरण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याकडेला पडला होता आणि काही तासांनी त्याचा भडका उडाला. टँकर तेव्हा हलतही नव्हता, तरी तो वापरातच धरला गेला. तुमची बंद इंजिनाची गाडी त्यापुढे काहीच नाही.

अंतराबद्दल मात्र ऐकावं. दार साधारण मीटरभर बाहेर येतं, तेवढी जागा सोडून चालवलेलं बरं. जागा असूनही चिकटून चालवलं, तर दुचाकीवाल्याच्या पदरीही थोडी चूक घालून भरपाई कमी होऊ शकते. पण लक्ष्मी रोडवर संध्याकाळी मीटर आणायचा कुठून?

लीड्सकर
इथे इंग्लंडमध्ये १९८६ च्या नियमात तीन क्रियापदं ओळीने येतात. कुणाला इजा किंवा धोका होईल अशा तऱ्हेने दार उघडू नये, उघडवू नये, उघडू देऊ नये. मराठीत हे किती नेटकं बसतं बघा. ‘उघडू देऊ नये’मध्ये मुलाला रस्त्याच्या बाजूने उतरवणारा बाप आला आणि टॅक्सीवालाही आला. दंड एक हजार पौंडांपर्यंत.

पेडल_पुणेकर
या सगळ्यावर उपाय म्हणजे डच पद्धत. दार नेहमी उजव्या हाताने उघडायचं. सूचनेत हे टाकाच.

लीड्सकर
थांबा, हे जसंच्या तसं छापू नका. नेदरलँड्समध्ये चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा उजवा हात. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून दारही उजवीकडे आणि हात डावा. नियम एवढाच, की दारापासून लांबचा हात वापरायचा. मागे डाव्या दाराशी बसलेल्याला मात्र उजवा. २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्येही हेच आहे, आणि इथे गाड्या आपल्यासारख्याच उजव्या स्टिअरिंगच्या.

लांबचा हात नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान, आणि आरशात न दिसणारा सायकलवाला दिसतो. शिवाय त्या हाताने दार एकदम सताड उघडता येत नाही. ‘डच’ हे नाव मात्र अमेरिकेतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी २०१६ च्या सुमारास रूढ केलं. डच लोक त्याला काही वेगळं नाव देत नाहीत.

बारामतीकर
माझ्या आईचा खांदा आखडलेला आहे. तिला हे जमायचं नाही.

क्लेमवाली_मावशी
मग तिच्यासाठी चालकाने बघायचं. मागच्या सीटवरच्याला आरसा नसतोच. गाडी थांबली की ‘थांबा, मी सांगतो मग उघडा’ म्हणायचं. लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावून ठेवायचं.

मुक्ता_भाषांतर
मथळा ‘दार उघडताना होणारे अपघात’ असा सरळ ठेवते. आत लिहिते: ‘चालकाने आरशात पाहावे, मान वळवून मागे पाहावे, डाव्या हाताने दार थोडे उघडावे, पुन्हा पाहावे, मग उतरावे. प्रवाशाला तुम्ही सांगेपर्यंत दार उघडू देऊ नये.’ शब्दाचा प्रश्न तसाच राहिला.

बारामतीकर
‘दार मारलं’ कंसात तरी टाका, लोक तेच म्हणणार.

पेडल_पुणेकर
आणि डाव्या दाराचं वेगळं लिहा. सिग्नलला गाडी मधल्या रांगेत उभी असते आणि कुणीतरी ‘इथेच उतरतो’ म्हणत डावीकडून उतरतं. फुटपाथची बाजू म्हणून बघत नाहीत, आणि नेमक्या त्याच फटीतून सगळ्या दुचाक्या पुढे येत असतात. रिक्षाला उजवीकडे दांडी असते म्हणून तिथलं उतरणं तरी बंद झालं, डावीकडचं कोण बंद करणार?

स्पष्टवक्ता
डावीकडून ओव्हरटेक करणं नियमात नाही. तिथे चूक दुचाकीवाल्याचीच.

क्लेमवाली_मावशी
थांबलेल्या रांगेतून पुढे सरकणं म्हणजे ओव्हरटेक का, यावर दोन वकील दोन तास भांडतील. सूचनेत त्यात न पडता ‘डावीकडेही मागे पाहावे’ एवढंच लिहा.