शब्दचर्चा: ‘डायगोनली डॉमिनंट’ला मराठीत काय म्हणावं?

तिरकी_रेघ: मॅट्रिक्सवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ‘कर्णप्रधान’ चालेल का?

चहाटळ: कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू ना? मॅट्रिक्सला काटकोन कुठून आला?

जुना_मास्तर: चौकोनाच्या तिरक्या रेघेलाही आपण कर्णच म्हणतो, तोच हा. ‘प्रधान’ मात्र पटत नाही. इथे तुलना ठरलेली आहे: प्रत्येक ओळीत, सगळ्यांची चिन्हं सोडून, कर्णावरचा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. मी ‘कर्ण वरचढ’ म्हणेन.

समीकरणं फेऱ्या करत सोडवताना हे कामी येतं. उदाहरण घ्या: 4x + y = 9, x + 3y = 5. x, y च्या आधीचे आकडे म्हणजे आपली मॅट्रिक्स. मॅट्रिक्सची फोड करून कर्ण डावीकडे ठेवायचा, उरलेलं उजवीकडे न्यायचं: x = (9 − y)/4, y = (5 − x)/3. दोन्ही शून्य धरून सुरुवात करा, आणि दर फेरीत दोन्हीकडे मागच्याच फेरीचे आकडे घाला. 2.25, 1.67 येतात, मग 1.83, 0.92, मग 2.02, 1.06. खरं उत्तर 2 आणि 1. ही याकोबीची रीत.

रात्रपाळी: म्हणजे कर्ण वरचढ नसेल तर उत्तर हाती लागत नाही. माझं तसंच झालं होतं. हीच समीकरणं उलट्या क्रमानं लिहिली, तर 5, 9, मग −22, −11, मग 38, 97! प्रोग्रॅम चुकला म्हणून अख्खी रात्र घालवली. शेवटी ओळींची अदलाबदल केली, तेव्हा सुटलं.

जुना_मास्तर: अर्धं बरोबर. वरचढ असेल तर उत्तराची हमी, नसेल तर फक्त हमी नाही. 2x + 3y = 8, x + 4y = 9 यात पहिली ओळ नापास आहे. तरी फेऱ्या हळूहळू 1 आणि 2 कडे जातातच.

तिरकी_रेघ: बरं, आणि ‘कन्व्हर्जन्स’ला ‘अभिसरण’ लिहिलंय.

चहाटळ: रक्ताभिसरण? ते तर गोल गोल फिरतं!

भिंगवाली: अहो, भौतिकशास्त्रात अभिसारी भिंग असतं, किरण एका बिंदूला आणणारं. शाळेत मी हाच शब्द शिकवते.

जुना_मास्तर: चहाटळांच्या शंकेत दम आहे. x + y = 2, x − y = 0 घ्या. उत्तर 1, 1. कर्णावरचा आकडा बाकीच्याच्या बरोबरीचा, वरचढ नाही. शून्यापासून निघालात तर (2, 0), (2, 2), (0, 2), आणि चौथ्या फेरीला परत (0, 0).

चहाटळ: हे खरं अभिसरण!

तिरकी_रेघ: मग बरोबरीला ‘वरचढ’ म्हणता येणार नाही हे चांगलंच झालं. पण इंग्रजीत बरोबरीच्या प्रकारालाही ‘वीकली डॉमिनंट’ म्हणतात. त्याला काय लिहू?

रात्रपाळी: ‘तोडीस तोड’?

जुना_मास्तर: अं… काही ओळी वरचढ, काही बरोबरीच्या, असंही चालतं त्यात. विचार करून सांगतो.