कराराचा गोषवारा: अर्ध्या पानात बसवायचा की अटी पूर्ण लिहायच्या?

नवी_वाळूज:
वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी विभागात लागून मला सहा महिने झालेत. कॉम्प्रेसरच्या वार्षिक देखभालीचा चौदा पानी करार मी मेंटेनन्स आणि स्टोअरच्या लोकांसाठी एका पानात लिहून दिला. साहेब म्हणतात, अजून निम्मा कर. अकाउंट्सचे काका म्हणतात, जे गाळलंस तेच अंगाशी येईल. त्यातल्या तीन ओळी देते: 'करार दरवर्षी आपोआप वाढतो. ६० दिवसांच्या नोटिशीने बंद करता येतो. तक्रार केल्यावर ८ तासांत माणूस येतो.' कुणाचं ऐकू?

शेंद्रा_कमर्शियल:
काकांचं ऐका. तुमच्या दुसऱ्या ओळीवरून आमच्याकडे वर्षभराचे पैसे गेलेत. करार ३१ मार्च २०२४ ला संपत होता. कलमात होतं की मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस पोचली नाही, तर करार आणखी एक वर्ष चालू. गोषवारा लिहिणाऱ्या मुलाने त्याचं 'दोन महिन्यांची नोटीस देऊन बंद करता येतो' असं केलं. वाचणाऱ्याला वाटलं, कधीही नोटीस द्या, दोन महिन्यांनी सुटका. पत्र १२ फेब्रुवारीला गेलं. तेव्हा ४८ दिवसच उरले होते. समोरच्याने कलमावर बोट ठेवलं आणि त्याचं बरोबर होतं.

म्हणून 'किती दिवस' लिहू नका, तारीख मोजून लिहा. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, म्हणून शेवटचा दिवस ३१ जानेवारी. पुढच्या वर्षी तोच ३० जानेवारी झाला. आणि 'पोचली पाहिजे' हा शब्द गाळू नका. ३० तारखेला टपालात टाकलेलं पत्र ३० ला पोचत नसतं.

शॉपफ्लोअर_भाऊ:
मी पलीकडच्या बाजूने बोलतो. रात्री मशीन बंद पडलं की मी मोबाईलवर बघतो, कुणाला फोन करायचा अन् तो कधी येणार. नोटिशीच्या तारखा माझ्या काय कामाच्या? आमच्याकडे चार पानी गोषवारे येतात अन् कुणी उघडत नाही. साहेबांचं खरंय. तिसरी ओळ तेवढी ठेवा, बाकी काढा.

जालना_लेखनिक:
मला तर वाटतं, शब्द बदलूच नयेत. महत्त्वाची कलमं जशीच्या तशी उतरवावीत. चूक व्हायला जागाच राहत नाही.

शेंद्रा_कमर्शियल:
@जालना_लेखनिक, आकडे आणि तारखांपुरतं तुमचं पटतं. पण एकच कलम उचललं तरी चूक होते, आणि त्याचं उदाहरण भाऊंच्याच ओळीत आहे. आमच्या करारात चौथ्या कलमात '८ तास' होतं. तास म्हणजे काय, ते मात्र पहिल्या पानावरच्या व्याख्येत: सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. आता भाऊ, शनिवारी दुपारी ३ वाजता तक्रार करा. त्या दिवशीचे ३ तास धरले जातात, रविवार सुटला, उरलेले ५ तास सोमवारी ९ पासून. म्हणजे त्यांना सोमवारी दुपारी २ पर्यंत मुदत आहे. तुम्ही शनिवारी रात्री ११ ला वाट बघत बसाल. चौथं कलम अक्षरशः उतरवलं असतं तरी हे कळलं नसतं.

शॉपफ्लोअर_भाऊ:
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शनिवारची पाळी रिकामी बसवलीय मी, दोनदा.

लातूर_गोदाम:
माझंही असंच अडकलंय. सोयाबीनच्या गोदामाचा भाडेकरार बंद करायचाय. नोटीस वकिलाकडूनच द्यावी लागते का?

शेंद्रा_कमर्शियल:
दादा, इथला प्रश्न थोडा वेगळा आहे, पण करारात तसं लिहिलं नसेल तर नोटीस तुम्ही स्वतः देऊ शकता. शेवटच्या पानांत नोटिशीचं कलम असतं. कुठल्या पत्त्यावर आणि कशाने पाठवायची ते तिथं बघा. पुष्कळ करारांत नुसता ईमेल चालत नाही. गोषवाऱ्यात हे कलम बहुतेक नवे लोक 'किरकोळ' म्हणून सोडतात.

नवी_वाळूज:
आत्ता उघडून बघितलं. माझ्याही करारात रजिस्टर पोस्टच आहे, तेही त्यांच्या पुण्याच्या पत्त्यावर. मी गाळलं होतं. व्याख्येत तास कामाचेच आहेत. आता मेंटेनन्ससाठी तीन ओळींचा वेगळा कागद करते, '८ तास'च्या जागी शनिवारचं उदाहरण घालून. खरेदीसाठी तारखांचा वेगळा, प्रत्येक ओळीसमोर कलम क्रमांक टाकून.

जालना_लेखनिक:
दोन कागद केले की सहा महिन्यांनी एकात दुरुस्ती होते अन् दुसरा जुनाच फिरत राहतो. मी हे बघितलंय. एकच ठेवा, लांब झाला तरी चालेल.

शॉपफ्लोअर_भाऊ:
लांब झाला तर मी वाचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.