प्रतिसाद: कोपराचा बिंदू धरायचा की सोडायचा?

"कोपर तिसऱ्या बिंदूवर दिसतोय, मग घटक तीन ठेवायचे की दोन?"

दोन. पीसीए, म्हणजे प्रमुख घटक विश्लेषणाच्या स्क्री प्लॉटवर प्रत्येक घटकाची आयगेन व्हॅल्यू, म्हणजे त्याने आकड्यांमधला किती चढउतार टिपला ते, मोठ्याकडून लहानाकडे मांडलेलं असतं; उतार जिथे सपाट होतो तो कोपर. कोपरापासून उजवीकडची सपाट रांग म्हणजे 'स्क्री', डोंगराच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा खच. कोपराचा बिंदू त्या खचातलाच असतो, म्हणून त्याच्या डावीकडचेच मोजायचे. वर कुणी 'ज्याची आयगेन व्हॅल्यू एकपेक्षा मोठी तो घटक ठेवा' म्हटलंय, ते मला पटत नाही. मिरज-वाळवा भागातल्या क्षारपड जमिनीचे ६० नमुने धरा: सामू, विद्युतवाहकता, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश. सहसंबंध मॅट्रिक्सवरून आयगेन व्हॅल्यू आल्या ३.००, १.८०, १.०८, ०.८०, ०.५८ आणि पुढे घसरत. एकच्या नियमाने तिसरा घटक आत येतो.

आता प्रत्येक स्तंभातले आकडे वेगवेगळे पिसा, म्हणजे स्तंभांमधलं नातं तुटेल, आणि पुन्हा पीसीए चालवा. असं शेकडो वेळा करून सरासरी काढली की ६० नमुने आणि ८ चलांसाठी पहिल्या तीन व्हॅल्यू साधारण १.६, १.४, १.२ येतात. निव्वळ योगायोगानेच १.२ मिळत असेल, तर १.०८ ला काय किंमत द्यायची? हीच कल्पना १९६५ मधल्या हॉर्नच्या समांतर विश्लेषण पद्धतीची. या सरासऱ्यांची रेघ स्क्री प्लॉटवरच काढा आणि तिच्या वरचेच घटक ठेवा.

एक मर्यादा मात्र आहे: पहिला घटक फार बलवान असेल तर ही कसोटी पुढच्या लहान पण खऱ्या घटकांना वगळू शकते. म्हणून तिसऱ्या घटकाचे लोडिंग, म्हणजे त्यात कोणत्या चलाचं वजन किती ते, बघाच. तिथे एकटा पालाशच मोठा दिसला तर तो घटक सोडा आणि पालाश थेट चल म्हणून वापरा.