मदत हवी आहे: नवीन माणसाला जॉइनिंगच्या आधी पाठवायचा मेसेज (उद्या दुपारपर्यंत हवाय)

वर्कशॉपवाली
नमस्कार मंडळी. घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्याकडे १ तारखेला एक जण जॉइन होतोय. साहेब म्हणाले, त्याला आधी एक छानसा वेलकम मेसेज टाक. तारीख, कागदपत्रं, कोणाला भेटायचं ते सगळं त्यात आलं पाहिजे. मी हिशोब बघते, पण असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. जुन्या मेलमधली यादी चिकटवून हे तयार केलंय:

“प्रिय उमेदवार, आमच्या कंपनी परिवारात आपले सहर्ष स्वागत. आपण दि. ०१/१० रोजी सकाळी सर्व मूळ कागदपत्रे, रिलीव्हिंग लेटर, आधार, पॅन, कॅन्सल चेक, ६ फोटो व कुटुंबाचा फोटो घेऊन हजर राहावे. अधिक माहितीसाठी एचआर विभागाशी संपर्क साधावा.”

फार कोरडं वाटतंय. कोणी जरा बरं करून द्या ना.

सुमनांजली
ताई, सुरुवातीला दोन ओळी घाला, एकदम खुलून येईल:
“पहाटेचे दव, फुलांचा सुवास, तुमच्या येण्याने उजळेल आमचा प्रवास!”
मी सोसायटीच्या कार्यक्रमांना अशाच देते. सगळे विचारतात, कोणी लिहिलं म्हणून.

चाकणकर
त्या बिचाऱ्याला वाटेल लग्नाची पत्रिका आली.
ताई, माणूस फ्रेशर आहे की आधी कुठे नोकरीला होता? कंपनी कुठे आहे? पगार साधारण किती? मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार की मेलवर? आणि “एचआर विभाग” म्हणजे नेमकं कोण?

वर्कशॉपवाली
अहो, मला फक्त भाषा नीट करून हवी होती. असो. भोसरी एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ३५ जण आहोत. तो क्वालिटीला येतोय, चार वर्षांचा अनुभव आहे, सध्या कोल्हापूरकडे नोकरीला आहे. ग्रॉस २४ हजार. मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर. एचआर विभाग म्हणजे मीच.

हिंजवडीकर
हे सगळं मेसेजमध्ये लिहायचंच कशाला? ऑनबोर्डिंग पोर्टल घ्या. आमच्याकडे ऑफर स्वीकारली की लिंक जाते, माणूस स्वतःच सगळं अपलोड करतो. पहिल्या दिवशी लॅपटॉप आणि टी-शर्ट टेबलावर तयार.

चाकणकर
पस्तीस माणसांच्या शॉपला पोर्टल! वर्षाला दोन-तीन माणसं येतात साहेब त्यांच्याकडे.

खतावणी
ताई, भाषेचं नंतर बघू. आधी कॅलेंडर उघडा. १ ऑक्टोबरला गुरुवार आहे. तुम्ही भोसरीत, म्हणजे साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारचीच. २ तारखेला गांधी जयंती. तुमचा माणूस कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने येणार, पहाटे स्वारगेटला उतरणार, तिथून सहा फोटो घेऊन भोसरीला येणार, आणि गेटवर कुलूप. दुसऱ्या दिवशीही कुलूप.

वर्कशॉपवाली
अरे देवा. हो, गुरुवारच आमची सुट्टी. ऑफर लेटरवर साहेबांनीच १ तारीख घातलीय आणि माझ्याही लक्षात आलं नाही. म्हणजे ३ तारीख, शनिवार. शनिवारी चालू असतं आमचं. मग मेसेजमध्ये सरळ ०३/१० लिहू ना?

खतावणी
आकड्यांत नको लिहू. “शनिवार, ३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०” असं वारासकट लिही. वार लिहिला की चूक तिथल्या तिथे कळते, तुला आणि त्यालाही. आणि नुसतं “सकाळी” म्हणजे काय? फर्स्ट शिफ्टची सकाळ साडेसहाला होते, ऑफिसची साडेनऊला. तो साडेसहाला आला तर तीन तास वॉचमनच्या केबिनबाहेर बसेल.

ऑफर लेटर आणि मेसेज यांत दोन वेगळ्या तारखा राहू देऊ नका. साहेबांकडून सुधारित तारखेचं दोन ओळींचं पत्र घे आणि मेसेजबरोबर पाठव.

आबा
आम्ही तर नेहमी कागदोपत्री १ तारीखच धरायचो. माणूस ३ ला आला तरी पगार पूर्ण महिन्याचा. दोन दिवसांनी कंपनी बुडत नाही. उलट माणूस खूश.

खतावणी
आबा, पगार पूर्ण द्या, त्याला कोण नको म्हणतंय? पण ज्या दिवशी माणूस आलाच नाही त्या दिवशी मस्टरवर हजर कसा दाखवायचा? माझ्या मते रुजू तारीख म्हणजे तो प्रत्यक्ष आला ती.

आबा
सुट्टीच्या दिवशी मस्टरवर सुट्टीच लिहितात, हजर नाही. चाळीस वर्षं मस्टर भरलंय मी.

खतावणी
बरं, यावर आपण भांडत बसू नये, तो साहेबांचा निर्णय. पण एक गोष्ट ताईंनी नक्की विचारावी: सध्याच्या कंपनीतला त्याचा शेवटचा दिवस कोणता? पीएफला तीच तारीख महत्त्वाची. जुनी कंपनी नोटीस चार दिवस वाढवते, इकडे आपण आधीची तारीख टाकून बसतो, आणि दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात. तेव्हा कोणालाच काही कळत नाही. पुढे जुना पीएफ इकडे ट्रान्सफर करायला गेला की अर्ज अडकू शकतो, आणि मग दोन्ही कंपन्यांच्या मागे पत्रांसाठी फिरावं लागू शकतं. माझ्याकडे असं एक प्रकरण आठ महिने चाललं, फरक होता तीन दिवसांचा.

वर्कशॉपवाली
३० सप्टेंबर म्हणाला होता फोनवर. पुन्हा विचारते. आता यादीतलं काय ठेवू, काय काढू ते सांगा. दोन तास झाले, अजून मेसेज तिथेच आहे.

मंजिरी
इथेच विचारते, रागावू नका. माझं दहावी-बारावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पॅन अजून माहेरच्याच. पुढच्या महिन्यात जॉइन करतेय, तर काय काय न्यावं लागेल?

चाकणकर
मंजिरीताई, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. पण विवाह नोंदणीचा दाखला बरोबर असू द्या.

खतावणी
मंजिरीताईंचा प्रश्न अगदीच अवांतर नाही. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुतेकांचं शेवटी असतं, बँकेत कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं अक्षर. म्हणून मेसेजमध्ये एक ओळ टाका: “आधार, पॅन आणि बँक खाते यांवरील नावांत फरक असेल तर आधी कळवा.” पहिल्या दिवशी टेबलावर कळण्यापेक्षा आठ दिवस आधी कळलेलं बरं.

आता यादी. ताई, ती तुमच्या जुन्या एखाद्या हेल्परसाठी केलेली दिसते. कुटुंबाचा फोटो ईएसआयसाठी मागत असणार. याचा पगार बघता तो ईएसआयमध्ये बसत नसेल, तर फोटो काढून टाका. उलट जे खरंच हवं ते यादीत नाहीच: त्याचा यूएएन नंबर. चार वर्षं नोकरी केलीय म्हणजे पीएफचा नंबर बहुधा असेलच, आणि तोच पुढे चालवायचा. नंबर माहीत नाही म्हणून घाईत दुसरा काढून दिला, तर एका माणसाची दोन खाती होतात आणि निस्तरायला तुम्हीच बसता.

कॅन्सल चेक बऱ्याच पोरांकडे नसतो, चेकबुकच घेत नाहीत. “किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स” एवढं जोडा.

हिंजवडीकर
रिलीव्हिंग लेटर मात्र सोडू नका. आमच्याकडे त्याशिवाय जॉइनच करून घेत नाहीत. आणि आता नवीन कायद्याने जुन्या कंपनीला दोन दिवसांत ते द्यावंच लागतं.

खतावणी
अर्धं बरोबर. वेतन संहितेतले दोन दिवस पगाराच्या हिशोबाचे आहेत, पत्राचे नाहीत. रिलीव्हिंग लेटर बऱ्याच ठिकाणी फुल अँड फायनल झाल्यावर, महिन्या-दीड महिन्याने हातात पडतं. ३० तारखेला सुटणाऱ्या माणसाने ते ३ तारखेला आणायचं कुठून? “रिलीव्हिंग लेटर घेऊन हजर राहावे” हे वाचून तो एक तर घाबरेल, नाहीतर जॉइनिंगच पुढे ढकलेल. राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि शेवटच्या तीन पगारस्लिपा पुरेत. पत्र मिळेल तेव्हा देईल.

हिंजवडीकर
मोठ्या कंपन्यांत नाही चालत असं.

चाकणकर
इथे मोठी कंपनी कुठे आहे?

आणि ताई, “सर्व मूळ कागदपत्रे” याचाही नीट खुलासा करा. मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा असंच लिहिलं होतं. मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या, “दोन दिवसांनी न्या” म्हणाले. सोडताना त्या मिळवायला मला तीन चकरा पडल्या. मूळ बघून लगेच परत देणार असाल तर तसं लिहा. गावाकडची माणसं आधीच धास्तावलेली असतात.

आबा
सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच मागवून घ्या. फोटो काढून टाकले की झालं.

चाकणकर
नको आबा. आमच्याकडे तेच व्हायचं. ते काम बघणारी बाई नोकरी सोडून गेली आणि वीस जणांची आधार, पॅन तिच्या स्वतःच्या फोनमध्ये गेली. यूएएन नंबर आणि शेवटचा दिवस मेसेजमध्ये विचारा, बाकीचं त्याने हातात घेऊन यावं.

वर्कशॉपवाली
हे पटलं, कारण माझ्याही फोनमध्ये भरपूर आहेत. आज संध्याकाळी साफ करते.

संपर्काचं काय करू? माझं नाव टाकते. पण ३ तारखेला दुपारपर्यंत मी बँकेत असेन.

खतावणी
मग दोघांची नावं टाका. त्याला गेटवर “एचआर” असं सांगून उपयोग नाही, वॉचमनला तुमच्याकडे एचआर आहे हेच माहीत नसेल. नाव, काम, मोबाइल, असं लिहा. आणि वॉचमनच्या वहीत आदल्या दिवशी त्याचं नाव लिहून ठेवा. तुमची सुट्टी गुरुवार-शुक्रवार, म्हणजे बुधवारीच.

वर्कशॉपवाली
बघा आता. नावं आणि नंबर इथे गाळलेत.

“नमस्कार, ____. तुम्ही आमच्याकडे क्वालिटी विभागात येत आहात, आनंद वाटला. १ ऑक्टोबरला आमची साप्ताहिक सुट्टी आणि २ ला गांधी जयंती आहे, म्हणून आपण शनिवार, ३ ऑक्टोबर, सकाळी ९.३० ला यावे. सुधारित तारखेचे पत्र सोबत पाठवत आहे. आधीच्या पत्रात १ तारीख पडली ती आमची चूक.

येताना आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रे (मूळ पाहून लगेच परत देऊ) व त्यांच्या झेरॉक्स, शेवटच्या तीन पगारस्लिपा, राजीनामा मंजुरीचा मेल, कॅन्सल चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणावेत. रिलीव्हिंग लेटर मिळेल तेव्हा द्या. आधार, पॅन, बँक यांवरील नावांत फरक असेल तर आधी कळवा. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

दोन गोष्टी मात्र आताच कळवा: तुमचा यूएएन नंबर आणि सध्याच्या कंपनीतला शेवटचा दिवस.

मागच्या गेटने या. गेटवर क्वालिटीचे ____ यांचे नाव सांगा (मो. ____). ते तुम्हाला आत नेतील. काही अडलं तर मला फोन करा: ____, अकाउंट्स (मो. ____).”

दोनच फोटो ठेवलेत. सहा कशाला लागायचे ते इथे कोणालाच आठवत नाही.

खतावणी
उत्तम. शॉप फ्लोअरला सेफ्टी शूज लागत असतील तर त्याचा नंबर विचारून ठेवा.

सुमनांजली
माझ्या ओळी घातल्याच नाहीत?

वर्कशॉपवाली
सुमनताई, दिवाळीच्या शुभेच्छांना नक्की वापरते.

अपडेट: पाठवला. साहेबांनी तारखेच्या पत्रावर सही केली, पण पगार १ पासून की ३ पासून, यावर “बघू” म्हणाले. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. यूएएन पाठवला, शेवटचा दिवस ३० सप्टेंबरच. बुटाचा नंबर ८. आणि खाली विचारलंय, “मॅडम, डबा आणायचा का?”

चाकणकर
मग? कँटीन आहे का?

वर्कशॉपवाली
आहे. पण शनिवारी बंद असतं.